‘गच्छामि’ येते, मग ‘गच्छाम’ का अडते?

आमच्या निवासी विद्यालयातील प्रत्येक मूल पहाटेच्या वंदनेत त्रिसरण म्हणते. ‘गच्छामि’ हे क्रियापद त्याच्या ओठांवर रोज अनेकदा येते. तरीही पालीच्या तासाला आम्ही विचारले, “‘आम्ही जातो’ याला काय म्हणाल?” की आठवीतला हुशार विद्यार्थीही क्षणभर थबकतो, डोळे मिटून ‘गच्छति, गच्छन्ति’ अशी वरून सुरुवात करतो आणि बोटे मोजत सहाव्या रूपापाशी पोहोचतो. त्याला तक्ता येतो, पण रूप येत नाही. घोकंपट्टीची खूण हीच की, मधले रूप हवे असले तरी आरंभापासून चालत यावे लागते.

एकच तक्ता एका बैठकीत पन्नास वेळा म्हटला, तर तो त्या रात्री पक्का वाटतो, दिवाळीच्या सुटीनंतर मात्र पुसला जातो. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर केलेले स्मृतिविषयक प्रयोग प्रसिद्ध केले. तेवढीच उजळणी काही दिवसांत विभागली, तर ती अधिक फळते, असे त्यांना आढळले. थोडे विसरू लागल्यावर प्रयत्नपूर्वक आठवण्यानेच स्मरण दृढ होते. या तत्त्वावर आम्ही वर्गात पुढील रीत वापरतो.

प्रथम तक्ता समजून घ्यायचा. ‘गच्छ’ या अंगाला ति, न्ति, सि, थ, मि, म हे सहा प्रत्यय लागतात. नियम एकच ध्यानात ठेवायचा : ‘मि’ आणि ‘म’ यांच्यापूर्वीचा ‘अ’ दीर्घ होतो. म्हणून गच्छामि, गच्छाम. हे कळले की ‘पठ’ आणि ‘वद’ यांचे वर्तमानकाळाचे तक्ते वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

मग जाड कागदाच्या सहा चिठ्ठ्या करायच्या. पुढे मराठी, मागे पाली, आणि एका चिठ्ठीवर एकच रूप. येथे दोन खबरदाऱ्या हव्यात. चिठ्ठीवर ‘प्रथम पुरुष’ असे लिहू नये. मराठी व्याकरणात तो ‘मी’ असतो, पाली परंपरेत मात्र ‘पठमपुरिस’ म्हणजे ‘तो’, आणि मुले तेथेच घोटाळतात. तसेच मराठीत ‘तुम्ही’ आदरार्थी एकालाही म्हणतात, म्हणून ‘तुम्ही सर्व जाता’ असे लिहावे, म्हणजे उत्तर ‘गच्छथ’ हेच ठरते.

बुटांच्या रिकाम्या खोक्यात चार कप्पे करायचे. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने आणि चौथा पंधरवड्याने तपासायचा. चिठ्ठ्या पिसून घ्यायच्या, उत्तर मोठ्याने सांगायचे आणि मगच उलटून पाहायचे. बरोबर आले तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते. चुकले तर पुन्हा पहिल्यात. कप्प्यांची ही युक्ती सेबास्टियन लाइटनर यांच्या पुस्तकामुळे प्रसिद्ध झाली. सायंकाळच्या अभ्यासिकेतील दहा मिनिटे तिला पुरतात.

एका विद्यार्थ्याच्या ‘आम्ही जातो’ या चिठ्ठीचा प्रवास पाहा. सोमवारी त्याने ‘गच्छामि’ म्हटले. चिठ्ठी पहिल्यातच राहिली. मंगळवारी ‘गच्छाम’ बरोबर आले, शुक्रवारीही आले, आणि चिठ्ठी तिसऱ्या कप्प्यात गेली. पुढच्या शुक्रवारी तो ‘गच्छम’ म्हणाला. ती परत पहिल्यात टाकून आम्ही थांबलो नाही, तर चुकीचे कारण शोधले. दीर्घत्वाचा नियम निसटला होता. ‘पठाम’ आणि ‘वदाम’ या चिठ्ठ्या जोडीला ठेवताच तो नियम त्याला पुन्हा दिसला. जी चिठ्ठी सारखी मागे येते, तिच्यामागे बहुधा न समजलेला नियम असतो. अशा वेळी केवळ उजळणी वाढवून उपयोग होत नाही.

वर्तमानकाळ तिसऱ्या कप्प्यात स्थिरावल्यावरच ‘पठिस्सामि’, ‘पठिस्साम’ अशा भविष्यकाळाच्या चिठ्ठ्या मिसळतो. मग ‘पठाम’ की ‘पठिस्साम’, ही निवड मुलाला स्वतः करावी लागते. भूतकाळातील ‘अगमासि’सारखी रूपे वर्तमानाच्या नियमाने साधता येत नाहीत, त्यांना स्वतंत्र चिठ्ठ्या लागतात.

या रीतीच्या मर्यादाही आहेत. उद्या परीक्षा असेल, तर आज खोके उघडून भागत नाही; किमान महिनाभर आधी आरंभ हवा. शिवाय चिठ्ठीवरचे सुटे रूप म्हणजे भाषा नव्हे. म्हणून चौथ्या कप्प्यातील प्रत्येक रूपाचे वाक्य करून घेतो : ‘मयं गामं गच्छाम’, आम्ही गावाला जातो.

पालकांना एक विनंती. सुटीत खोके घरी येईल. आपणांस पाली येत नसली तरी चालेल. मराठी बाजू वाचा, उत्तर ऐका आणि चिठ्ठी उलटून पडताळा. मूल वरून तक्ता म्हणू लागले, तर थांबवा आणि तेवढे एकच रूप विचारा. ते न अडखळता आले, तर पहाटेच्या वंदनेतील ‘गच्छामि’ म्हणजे ‘मी जातो’, ‘मी जाते’, हेही त्याला उमगले आहे असे समजा.