गर्व की अभिमान, रश्क की हसद?

दहावीचा निकाल लागला की बारामती, इंदापूरच्या चौकाचौकांत अभिनंदनाचे फ्लेक्स लागतात. यंदा आमच्या मोहल्ल्यातही एका मुलीसाठी लागला, "आम्हाला तुझा गर्व आहे." तो वाचून शेजारचे निवृत्त मराठी गुरुजी हसून म्हणाले, "पोरीचं कौतुक करताय, का स्वतःला नावं ठेवताय?"

गुरुजींचं बरोबर होतं. मराठीत चांगला तो अभिमान आणि वाईट तो गर्व. म्हणूनच आपण 'स्वाभिमान' म्हणतो आणि 'गर्वाचे घर खाली'ही म्हणतो. हिंदीत नेमकं उलट आहे. तिथे गर्व कौतुकाचा, तर अभिमान बहुतेक वेळा घमेंडीचा. 1973 चा हिंदी चित्रपट 'अभिमान' आठवा. गाण्यात बायको पुढे गेली म्हणून दुखावलेल्या नवऱ्याची ती कथा आहे. घरात उर्दू बोलणाऱ्यांना एक सोपी खूण सांगतो: फख्र म्हणजे मराठीतला अभिमान, गुरूर म्हणजे मराठीतला गर्व. इंग्रजी शब्दकोश मात्र या सगळ्यांपुढे एकच शब्द लिहितो, 'प्राइड'.

गर्वाच्या पुढची पायरी म्हणजे माज. आपल्या भागात घरोघरी गाई आहेत, त्यामुळे गाय 'माजावर येते' म्हणजे काय हे सांगायला नको. तोच शब्द माणसाला लावला की अर्थ होतो, अंगात मस्ती आली, आता हा कुणाला जुमानत नाही. गर्व मनात लपून राहू शकतो. माज वागण्यात दिसतो.

आता त्याच मुलीच्या चुलतीचं बघू. निकाल ऐकून तिच्या मनात आलं, "माझ्या लेकीलाही असे मार्क पडू देत." याला उर्दूत रश्क म्हणतात, अरबीत गिब्ता. पण "हिलाच कशाला एवढे पडले?" असं आलं असतं, तर ती हसद. दुसऱ्याची नेमत जावी, ही इच्छा त्यात असते. मराठीत हसदच्या जवळचा शब्द मत्सर. हेवा मात्र दोन्हीकडे झुकतो. 'हेवा वाटावा असं यश' ही तारीफ आहे, आणि 'हेवेदावे' म्हणजे भांडण. 'मत्सर वाटावा असं यश' असं कौतुकानं कुणी म्हणत नाही. शब्द असा वाक्यात घालून पाहिला की त्याचा रंग कळतो.

सहीह मुस्लिममधल्या एका हदीसमध्येही असाच फरक केलेला आहे. चांगले कपडे, चांगल्या चपला आवडणं हा किब्र नाही. सत्य नाकारणं आणि लोकांना कमी लेखणं हा किब्र.

दुसऱ्या दिवशी पोरांनी फ्लेक्सवर कागद चिकटवून 'गर्व' झाकला आणि वर 'अभिमान' लिहिलं. गुरुजींनी पेढा घेतला.