पायांवाटे शिरणारा ताप

लेप्टोस्पायरोसिस, बोलण्यात नुसता ‘लेप्टो’, हा लेप्टोस्पायरा नावाच्या पिळदार, अतिसूक्ष्म जिवाणूंमुळे होणारा आजार आहे. हे जिवाणू उंदराच्या मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांमध्ये मुक्काम ठोकतात. उंदराला त्याचा काही त्रास होत नाही; तो हिंडतो, खातो आणि महिनोन्महिने लघवीवाटे जिवाणू बाहेर टाकत राहतो. गाई-म्हशी, कुत्री आणि डुकरे यांच्याकडूनही लागण होते, पण शहरात मुख्य स्रोत उंदीर आणि घुशीच.

कोरड्या जागी, उन्हात किंवा खाऱ्या पाण्यात हे जिवाणू फार टिकत नाहीत. ओल्या मातीत आणि साचलेल्या, कोमट गोड्या पाण्यात मात्र ते कित्येक आठवडे तग धरतात. म्हणूनच हा पावसाळ्याचा आजार. एरवी बिळात, गटाराच्या कडेला पडणारी लघवी तिथेच वाळून जाते. पूर आला की बिळे भरतात, गटारे उलटी वाहू लागतात आणि तीच घाण रस्त्यावर, चाळीच्या अंगणात, घरात येते.

26 जुलै 2005 रोजी मुंबईत नेमके हेच घडले. सांताक्रूझ वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. लोकल बंद पडल्या, मिठी नदी पात्राबाहेर आली आणि कामावरून निघालेले असंख्य लोक कमरेएवढ्या पाण्यातून तासन्‌तास चालत घरी पोहोचले. पाणी ओसरल्यावर, ऑगस्टमध्ये, शहरातल्या रुग्णालयांत लेप्टोचे रुग्ण एकाएकी वाढले. मधला हा काळ महत्त्वाचा आहे: जिवाणू शरीरात शिरल्यापासून ताप येईपर्यंत साधारण 5 ते 14 दिवस जातात, कधी महिनाही लागतो. तोवर आपण पाण्यातून चाललो होतो हे रुग्ण विसरून गेलेला असतो.

धडधाकट, अखंड त्वचा या जिवाणूंना सहसा आत येऊ देत नाही. पावसाळ्यात मात्र अखंड पाय असतो कुणाचा? टाचांच्या भेगा, बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या, नव्या चपलेने सोललेली कातडी, ठेच लागून उडालेले नख यांतली कोणतीही वाट त्यांना पुरते. शिवाय बराच वेळ पाण्यात राहिलेला पाय पांढरा पडून सुरकुततो. अशी फुगलेली कातडी सहज खरचटते आणि जिवाणूंनाही फारशी अडवत नाही. अनवाणी चालणाऱ्याच्या पायाला गढूळ पाण्याखालची काच, खडी आणि पत्रा लागतात, म्हणजे जखम आणि लागण एकाच वेळी होते. चपलेमुळे तळव्याचे कापण्यापासून रक्षण होते, पाण्यापासून नाही. गमबूट त्याहून बरे, पण पाणी त्यांच्या काठाच्या वर गेले की तेच घाण पाणी बुटात कोंडून राहते. पायांखेरीज डोळे, नाक आणि तोंड यांच्या नाजूक त्वचेतूनही जिवाणू शिरतात, तेव्हा मुलांनी डबक्यात डुंबणे घोटाभर पाण्यातून चालण्यापेक्षा अधिक धोक्याचे.

सुरुवात अचानक येणाऱ्या तापाने होते: थंडी, डोके ठणकणे, अंग मोडून येणे. इथवर सारे डेंग्यूसारखे किंवा मलेरियासारखेच. पण पोटऱ्या आणि कंबर इतक्या दुखतात की पोटरी नुसती दाबली तरी रुग्ण कळवळतो, आणि डोळे चिपडे न येता लालबुंद होतात. ही दोन लक्षणे सगळ्यांत दिसतात असे नाही; दिसली तर संशय बळावतो. बहुतेकजण बरे होतात. थोड्यांना मात्र कावीळ होते, लघवी कमी होते किंवा फुप्फुसात रक्तस्राव होतो, आणि यात जीव जाऊ शकतो.

निदानात एक अडचण आहे. नेहमी केली जाणारी आयजीएम तपासणी शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे शोधते आणि ती तयार व्हायला आठवडाभर लागू शकतो. त्यामुळे तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अहवाल ‘निगेटिव्ह’ आला तरी लेप्टो नाही असे म्हणता येत नाही. पहिल्या आठवड्यात रक्ताची पीसीआर तपासणी अधिक उपयोगी. पेनिसिलिन, डॉक्सिसायक्लिन अशी प्रतिजैविके जितकी लवकर सुरू होतील तितकी बरी, म्हणून संशय पक्का असेल तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करतात. त्यासाठी ‘दहा दिवसांपूर्वी तुंबलेल्या पाण्यातून चाललो होतो’ हे रुग्णाने आपणहून सांगायला हवे.

पाण्यातून आल्यावर पाय साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करावेत; जखम असेल तर पाण्यात उतरण्यापूर्वीच जलरोधक पट्टीने झाकावी. मुंबई महापालिका अशा लोकांना 72 तासांच्या आत डॉक्टरांकडे जाऊन प्रतिबंधक गोळ्या घ्यायला सांगते. पायाला जखम नसेल आणि एकदाच पाण्यातून चालले असेल तर डॉक्सिसायक्लिनचा एक डोस पुरतो. जखम असेल तर तो काही दिवस घ्यावा लागतो. नालेसफाई किंवा बचावकार्य करणाऱ्यांना आठवड्यातून एकदा, असा सहा आठवडे दिला जातो. गर्भवती आणि 8 वर्षांखालील मुलांना हे औषध देत नाहीत. त्यांच्यासाठी डॉक्टर अ‍ॅझिथ्रोमायसिन निवडतात.