अर्ध्यावर सोडलेली वेबसाइट आणि तिचा ताबा

वेबसाइट ही एकच वस्तू वाटते, पण तिच्यात तीन वेगळ्या मालमत्ता असतात आणि प्रत्येकीची मालकी वेगळ्या रीतीने ठरते. सोर्स कोडची मालकी कॉपीराइट कायद्याने ठरते, डोमेन नावाची नोंदणीतल्या नावावरून, आणि होस्टिंगची ते खाते कोणाच्या नावे व ई-मेलवर उघडले आहे त्यावरून. डेव्हलपरला पैसे दिले म्हणून यांतले काहीही आपोआप ग्राहकाच्या नावावर होत नाही. काम सुरळीत चालू असते तेव्हा ही गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही. करार अर्ध्यावर मोडायची वेळ आली की ती उघडी पडते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. रत्नागिरीतल्या एका हापूस विक्रेत्याने नोव्हेंबरमध्ये १,२०,००० रुपयांत वेबसाइटचे काम दिले. काम फेब्रुवारीअखेर पुरे व्हायचे होते. निम्मे पैसे, म्हणजे ६०,००० रुपये, आगाऊ दिले गेले. मार्च उजाडला तेव्हा डिझाइन आणि मालाची पाने तयार होती, पैसे भरण्याची सोय अर्धवट होती आणि ऑर्डरचा माग ठेवण्याचे काम सुरूच झाले नव्हते. डोमेन आणि होस्टिंग डेव्हलपरने स्वतःच्या खात्यातून घेतले होते. हंगाम तोंडावर आल्याने विक्रेत्याला उरलेले काम दुसऱ्याकडे द्यायचे आहे.

अशा वेळी पहिले काम नोटीस पाठवण्याचे नसून पाहणीचे असते. डोमेन कोणत्या रजिस्ट्रारकडे आहे, त्या खात्याचा ई-मेल कोणाचा आहे, मुदत कधी संपते, सर्व्हर कोणाच्या नावे आहे, पेमेंट गेटवेचे खाते दुकानाच्या बँक खात्याला जोडलेले आहे का, याची यादी करावी. डोमेनची माहिती सार्वजनिक नोंदीत शोधता येते, पण तिथे मालकाचे नाव बहुधा झाकलेले असते. म्हणून रजिस्ट्रारच्या पावत्या आणि नूतनीकरणाच्या सूचना कोणाच्या ई-मेलवर येतात, हा अधिक भरवशाचा पुरावा ठरतो.

आता कोड. कॉपीराइट कायदा १९५७ संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृतीत धरतो. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालकच असतो. बाहेरून काम घेणाऱ्या डेव्हलपरच्या बाबतीत मात्र कोड लिहिणारा स्वतःच पहिला मालक ठरतो. हक्क ग्राहकाकडे येण्यासाठी हस्तांतरण लेखी हवे आणि त्यावर डेव्हलपरची सही हवी. या लेखात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर हक्क फक्त भारतापुरता मानतो. दुबईहून ऑर्डर घेऊ पाहणाऱ्या आंबेवाल्याला ही त्रुटी महागात पडू शकते. शिवाय वेगळे ठरवले नसेल तर हस्तांतरित हक्काचा वापर एका वर्षात न केल्यास तो हक्क संपतो. अर्धवट कोड बाजूला पडून राहण्याची शक्यता असते, म्हणून ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी, आणि वापर झाला नाही तरी हक्क कायम’ असे शब्द करारात स्पष्ट लिहावेत.

तरीही सगळा कोड हस्तांतरित होत नाही. वर्डप्रेससारखे मुक्त सॉफ्टवेअर डेव्हलपरच्या मालकीचे नसतेच. ते आपापल्या परवान्यावर चालते. डेव्हलपरने अनेक ग्राहकांसाठी वापरलेले स्वतःचे जुने तुकडेही तो सहसा विकत नाही. त्यांच्यासाठी कायमचा वापर-परवाना लिहून घ्यावा. विकत घेतलेली थीम किंवा प्लगिन डेव्हलपरच्या परवान्यावर असेल तर पुढची अद्ययावत आवृत्ती मिळणे बंद होते. त्यामुळे कोणता परवाना ग्राहकाने नव्याने घ्यायचा, हे यादीत लिहावे लागते.

मग हिशेब. मूळ कराराच्या किमतीची कामानुसार फोड करावी. या उदाहरणात डिझाइन ३०,००० रुपयांचे, मालाची पाने ३०,००० रुपयांची, पैसे भरण्याची सोय २५,००० रुपयांची, ऑर्डरचा माग २०,००० रुपयांचा आणि चाचणी व प्रशिक्षण १५,००० रुपयांचे धरले. पहिली दोन कामे पूर्ण आहेत. वाद होतो तो अर्धवट कामावर. तिथे कसोटी सोपी आहे: लिहिलेला भाग दुसऱ्या प्रोग्रॅमरला पुढे नेता येतो का? येत असेल असे मानून १२,००० रुपये ठरले. केलेल्या कामाचे ७२,००० आणि डेव्हलपरने डोमेन व होस्टिंगसाठी भरलेले ६,००० मिळून ७८,००० झाले. ६०,००० आधीच दिलेले असल्याने १८,००० देणे उरते. उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागायची असेल तर ती याच बैठकीत मांडावी. एकदा ‘पुढे कोणाचेही काही देणे नाही’ असे लिहून सही झाली की ती बाब मिटते.

शेवटचे पैसे आणि ताबा यांची सांगड घालणे हा समझोत्याचा गाभा असतो. ८,००० सहीच्या दिवशी आणि १०,००० सगळे ताब्यात येऊन ७ दिवसांची तपासणी झाल्यावर, अशी वाटणी दोघांनाही परवडते.

ताबा घेताना क्रम महत्त्वाचा असतो. आधी पूर्ण बॅकअप घ्यावा, म्हणजे फाइली आणि डेटाबेस दोन्ही. नुसत्या फाइलींची झिप मिळाली तर पानांचा सांगाडा मिळतो, पण मालाची यादी आणि ग्राहकांच्या ऑर्डर डेटाबेसमध्येच राहतात. बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर चालवून पाहिल्याशिवाय तो मिळाला असे समजू नये. कोड गिटमध्ये असेल तर आतापर्यंतच्या सर्व बदलांच्या इतिहासासह पूर्ण प्रत घ्यावी:

```
git clone --mirror <रेपॉझिटरीचा पत्ता>
```

त्यानंतर डोमेन. रजिस्ट्रार तोच ठेवून ते ग्राहकाच्या खात्यात सरकवणे सर्वांत सोपे असते. रजिस्ट्रार बदलायचा असेल तर डोमेनचे कुलूप उघडून हस्तांतरणाचा कोड घ्यावा लागतो. `.com` डोमेन नोंदणीनंतर पहिले ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. नावाच्या नोंदी बदलण्यापूर्वी जुन्या डीएनएस नोंदींची प्रत ठेवावी. त्यांतली `MX` नोंद राहून गेली तर वेबसाइट दिसते, पण दुकानाचे ई-मेल येणे बंद होते. डेव्हलपर डोमेन देतच नसेल तर `.in` साठी निक्सीच्या वाद-निवारण पद्धतीत तक्रार करता येते. डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे प्रकरणात मान्य केले आहे.

सर्वांत शेवटी पासवर्ड. होस्टिंग, वेबसाइटचा प्रशासक, डेटाबेस, एफटीपी आणि पेमेंट गेटवेच्या कळा, सगळे बदलावे. वर्डप्रेसमध्ये डेटाबेसचा पासवर्ड `wp-config.php` या फाइलीत लिहिलेला असतो. डेटाबेसकडे पासवर्ड बदलून या फाइलीत तो बदलला नाही तर वेबसाइट तिथेच बंद पडते. सर्व्हरवर साठवलेल्या एसएसएच कळा पासवर्ड बदलल्याने रद्द होत नाहीत, त्या वेगळ्या काढाव्या लागतात.

करार संपल्यावर ग्राहकाच्या खात्यात परवानगीशिवाय शिरणे किंवा वेबसाइट बंद पाडणे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ खाली येते आणि त्यात भरपाई मागता येते. कृती अप्रामाणिक हेतूने केली असेल तर कलम ६६ प्रमाणे ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हा नियम दोन्ही बाजूंना लागू आहे. खाते डेव्हलपरच्या नावे असेल तर पूर्वी मिळालेल्या पासवर्डने त्यात शिरून माल काढून घेणे ग्राहकालाही अडचणीत आणू शकते. म्हणून खाते नावावर होईपर्यंतचा प्रत्येक प्रवेश दोघांच्या लेखी संमतीने व्हावा, आणि ७ दिवसांची तपासणी संपल्यावर शेवटचे १०,००० देऊन पोच घ्यावी.