पाश्चरीकृत द्रव अंडे व अंड्याची भुकटी

पाश्चरीकृत द्रव अंडे म्हणजे कवचातून काढून, गाळून, गोठणार नाही इतक्या सौम्य उष्णतेने रोगजंतूंपासून मुक्त केलेले अंडे. त्यातील पाणी काढून टाकले की अंड्याची भुकटी मिळते. ताज्या अंड्याला पर्याय म्हणून बेकरी व उपाहारगृहांत दोन्हींचा वापर होतो.

== सुरक्षितता ==
साल्मोनेला हा जिवाणू केवळ कवचावरच असतो असे नाही. कोंबडीच्या अंडाशयाला संसर्ग झालेला असल्यास तो कवच तयार होण्यापूर्वीच अंड्यात शिरतो. म्हणून वरून स्वच्छ व अभंग दिसणारे अंडेही निर्धोक असेलच असे सांगता येत नाही. अमेरिकेत संपूर्ण द्रव अंडे सुमारे ६०° सेल्सियसवर साडेतीन मिनिटे, तर ब्रिटनमध्ये ६४.४° सेल्सियसवर अडीच मिनिटे तापवण्याची पद्धत आहे.

नीट भाजलेल्या केकचा गाभा यापेक्षा बराच अधिक तापतो. त्यामुळे केकसाठी ताजे अंडे पुरेसे सुरक्षित ठरते. खरा फरक पडतो तो मूस, तिरामिसू, घरगुती मेयोनीज यांसारख्या न शिजवलेल्या पदार्थांत. तेथे, विशेषतः लहान मुले, गरोदर स्त्रिया व वृद्ध यांच्यासाठी, पाश्चरीकृत अंडेच योग्य होय.

पाश्चरीकरण म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. उघडलेले द्रव अंडे शीतकपाटात ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावे लागते. पाण्यात कालवलेली भुकटीही ताज्या अंड्याइतकीच नाशवंत असते.

== बेकिंगमधील गुणधर्म ==
अंड्याच्या पांढऱ्या भागातील काही प्रथिने ६०° सेल्सियसच्या आसपासच बदलू लागतात. म्हणून पाश्चरीकृत पांढरा भाग फेसाळण्यास ताज्यापेक्षा बराच अधिक वेळ लागतो. फेटताना चिमूटभर क्रीम ऑफ टार्टार किंवा थोडा लिंबूरस घातल्यास फेस अधिक टिकतो. कुकी, मफिन, कस्टर्ड यांत अंड्याचे काम मुख्यतः बांधणीचे असल्याने हा फरक फारसा जाणवत नाही.

पांढऱ्या भागात थोडे ग्लुकोज असते. ते तसेच राहिल्यास साठवणीत प्रथिनांशी संयोग होऊन भुकटी तपकिरी पडते. म्हणून वाळवण्यापूर्वी ते किण्वनाने वा विकराने काढून टाकतात. संपूर्ण अंड्याच्या भुकटीतील स्निग्धांश हवेने खवट होतो. खवट वास किंवा न विरघळणाऱ्या गुठळ्या ही ती जुनी झाल्याची खूण होय.

== प्रमाण ==
अंड्यात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते. त्यामुळे एक भाग भुकटीस वजनाने तीन भाग पाणी लागते. चार अंड्यांच्या, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम अंड्याच्या केकसाठी ५० ग्रॅम भुकटी व १५० ग्रॅम पाणी घ्यावे. भुकटीत थोडे थोडे पाणी मिसळून गुठळ्या मोडाव्यात व मिश्रण काही मिनिटे मुरू द्यावे. केवळ अंड्याच्या फेसावर फुलणाऱ्या स्पंज केकमध्ये मात्र अशा मिश्रणाला ताज्या अंड्याची सर येत नाही. तेथे बेकिंग पावडरची जोड द्यावी लागते.