साडेब्याऐंशी अंशांची रेषा

जगाच्या कालविभागांचा नकाशा पाहिला, तर महासागरावर उत्तरेकडून दक्षिणेकडे सरळ उतरणारी रेषा जमिनीला लागताच वळणे घेऊ लागते, प्रांतांच्या शिवेशिवेने चालते, आणि कोठे तर शेजारच्या दोन देशांमध्ये अर्ध्या तासाची पायरी उभी करते. सूर्याचा हिशेब सोपा आहे. पृथ्वीला एक अंश फिरावयास चार मिनिटे लागतात, म्हणून पंधरा अंशांचा एक तास होतो. परंतु घड्याळ लावण्याचा हुकूम सरकारचा असतो, आणि ज्या हद्दीपर्यंत सरकारचा अंमल चालतो त्याच हद्दीपर्यंत त्याची वेळही चालते. १८८४ साली वॉशिंग्टनला भरलेल्या परिषदेने ग्रीनिचचे रेखावृत्त मूळ म्हणून मुक्रर केले खरे, तथापि कोणत्या मुलखाने कोणती वेळ पाळावी हा प्रश्न तिने ज्याच्या त्याच्या मुखत्यारीवर सोडला.

आपल्या देशाचा इतिहास या दृष्टीने फार बोलका आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईची वेळ ग्रीनिचपुढे ४ तास ५१ मिनिटे, मद्रासची ५ तास २१ मिनिटे आणि कलकत्त्याची जवळजवळ ५ तास ५४ मिनिटे अशी होती. रेल्वे मद्रासच्या वेळेने धावत असे. १९०६ च्या आरंभी सरकारने साडेपाच तासांची एकच प्रमाणवेळ अमलात आणली व तिच्यासाठी ८२.५ अंशांचे रेखावृत्त निवडले. या निवडीत एक मार्मिक गोष्ट आहे. विभाग काटेकोर गणिताने पाडले असते, तर ७५ आणि ९० अंश हे दोन विभागांचे मध्य ठरले असते, आणि त्यांना अलग करणारी सीमा नेमकी याच ८२.५ अंशांवरून, मिर्झापूरच्या आसपासच्या मुलखातून गेली असती. जी रेषा देशाला दुभागणार होती, तीच देशाच्या घड्याळाचा मध्य झाली! गणिताची सीमा मोडून राज्यकर्त्यांनी आपल्या मुलखाचा मध्य धरला, आणि सीमेला देशाच्या कडेला, म्हणजे सरहद्दीवर, जावे लागले.

मुंबईने हा हुकूम मुकाट्याने मानला नाही. नव्या वेळेने शहराचे घड्याळ एकदम ३९ मिनिटे पुढे गेले; भोंग्याचा आकडा तोच राहिला, परंतु उजाडण्याच्या हिशेबाने गिरणीचा दिवस तितकाच आधी सुरू झाला. कामगारांनी विरोध केला, आणि नगरपालिकेने स्वातंत्र्यानंतरही काही काळापर्यंत मुंबईचीच वेळ पाळली. म्हणजे रेल्वेची वेळ एक आणि शहराची दुसरी, अशी एक सीमा स्थानकाच्या दरवाज्यातूनच जात होती. ती कोणत्याही नकाशावर नव्हती, पण रोज हजारो माणसे तिच्यावरून ये-जा करीत. त्या काळच्या मुंबईकराचा हट्ट मला क्षुद्र वाटत नाही; आपली दुपार आपल्या डोक्यावरच्या सूर्याने ठरावी, एवढेच त्याचे मागणे होते.

पुढे फाळणीने नवी सरहद्द आखली, आणि १९५१ साली पश्चिम पाकिस्तानने ग्रीनिचपुढे पाच तासांची वेळ घेतली तेव्हा तीच सरहद्द घड्याळाचीही झाली. अमृतसर आणि लाहोर यांच्या रेखांशांत अर्ध्या अंशाहून थोडेसेच जास्त अंतर आहे, म्हणजे सूर्य अमृतसरहून लाहोरला पोहोचावयास सुमारे दोन मिनिटे घेतो. घड्याळे मात्र तीस मिनिटांनी भिन्न. १९८६ साली नेपाळने भारतीय वेळ सोडून ८६ अंश १५ कलांचे रेखावृत्त धरले, तेव्हा ग्रीनिचपुढे ५ तास ४५ मिनिटांची वेळ तेथे रूढ झाली, आणि रक्सौलहून वीरगंजला जाणाऱ्याला चारदोन मैलांत घड्याळ पाव तास पुढे करावे लागू लागले.

भारताच्या एकाच वेळेचा भार सर्वात जास्त पडला तो देशाच्या पूर्वेवर. कच्छच्या टोकापासून अरुणाचलच्या टोकापर्यंत सुमारे २९ अंशांचे अंतर आहे, म्हणजे सूर्योदयांत जवळजवळ दोन तासांचा फरक. आसामच्या चहामळ्यांनी त्यामुळे प्रमाणवेळेहून एक तास पुढे असलेली ‘बागान वेळ’ आपल्यापुरती चालू ठेवली आहे. मळ्याचे कुंपण हीच तिची शीव. २०१८ साली राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी पूर्वेस स्वतंत्र वेळ देण्याचा प्रस्ताव मांडला. एकाच मार्गावर दोन वेळा चालल्या, तर गाड्यांच्या वेळापत्रकात घोटाळा होऊन अपघात घडेल, हे भय जुनेच होते. म्हणून त्यांनी विभागरेषेसाठी ८९ अंश ५२ कलांजवळची जागा सुचवली, कारण तेथे बंगाल व आसाम यांच्यामधली सीमा अरुंद असून घड्याळ बदलावे लागेल अशी रेल्वेस्थानके मोजकीच आहेत. आकाशातील गणित जाणणाऱ्या शास्त्रज्ञांनीही रेषा ओढण्यासाठी शेवटी राज्याची सीमाच निवडली.