पोहोच 12 लाख, विक्री किती?

मार्केटिंगच्या नोकरीसाठी अर्ज करताना सोबतच्या पत्रात एक परिच्छेद ठरलेला असतो: आधीच्या नोकरीत मी काय साधलं. बरेच जण तो दोन-तीन प्रकारे लिहून पाहतात आणि मग कोणता पाठवावा यावर अडतात. समजा, घरगुती मसाले ऑनलाइन विकणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम केलेल्या तरुणीनं तो असा दोन प्रकारे लिहिला आहे. उदाहरण कल्पित आहे आणि हिशेब समजावा म्हणून आकडे सोपे ठेवले आहेत.

पहिला मसुदा: “कंपनीच्या इन्स्टाग्राम आणि फेसबुकची संपूर्ण जबाबदारी माझ्याकडे होती. वर्षभरात 180 पोस्ट आणि 40 रील केल्या. आमची पोहोच 12 लाख लोकांपर्यंत गेली आणि फॉलोअर 300 टक्क्यांनी वाढले. कल्पक मोहिमांमधून ब्रँडची ओळख वाढवण्यात मी महत्त्वाचा वाटा उचलला.”

दुसरा मसुदा: “जाहिरातींवर महिन्याला 2 लाख रुपये जात होते, पण त्यांतून येणाऱ्या ऑर्डर 400च्या पुढे सरकत नव्हत्या. जाहिरात पाहून साइटवर आलेले अनेक जण पिनकोड टाकल्यावर ‘डिलिव्हरी नाही’ असं पाहून परत जातात, हे मी शोधून काढलं. जाहिराती डिलिव्हरी असलेल्या भागांपुरत्याच दाखवायला सुरुवात केली. तीन महिन्यांनी तेवढ्याच खर्चात महिन्याला 625 ऑर्डर येऊ लागल्या.”

आकड्यांचा प्रभाव पडतो, असं सगळेच सांगतात. आकडे तर दोन्हींत आहेत. म्हणून तपासायचं ते हे, की कोणता आकडा कंपनीच्या फायद्याविषयी बोलतो आणि कोणता नुसत्या मेहनतीविषयी.

पहिल्या मसुद्यातल्या 180 पोस्ट आणि 40 रील हे केलेलं काम आहे. ते झाल्यानं काय झालं, ते त्यात नाही. 12 लाखांची पोहोच भारदस्त वाटते, पण पोहोच पैशांनी विकत घेता येते. जाहिरातीचं बजेट वाढवलं की ती वाढतेच, त्यामुळे खर्च सांगितल्याशिवाय या आकड्यावरून कौशल्य कळत नाही. 300 टक्के वाढीचंही तसंच. 500 फॉलोअरांचे 2,000 झाले तरी वाढ 300 टक्के आणि 50,000चे 2 लाख झाले तरी 300 टक्केच. मूळ संख्या दडवलेली टक्केवारी अनुभवी वाचकाला लगेच खटकते. संख्या सांगण्याजोगी असती तर सांगितली असती, असं तो धरून चालतो.

शेवटचं वाक्य तर कोणत्याही अर्जात चालेल. दुसऱ्या कुठल्याही उमेदवाराच्या नावानं तेच वाक्य जसंच्या तसं खपत असेल, तर ते आपल्याविषयी काहीच सांगत नाही.

दुसऱ्या मसुद्यात आकडे कमी आहेत, पण त्यांच्यामागे साखळी आहे: अडचण, तिचं कारण, केलेला बदल आणि त्याचा परिणाम. गूगलमध्ये मनुष्यबळ विभागाचे प्रमुख राहिलेले लॅझ्लो बॉक उमेदवारांना असाच सल्ला देत. काय साधलं, ते कशानं मोजलं आणि ते कसं केलं, या तिन्ही गोष्टी एकत्र सांगा. पहिल्या मसुद्यात यातलं ‘कसं’ जवळपास नाहीच. दुसऱ्यात ते पिनकोडच्या तपशिलातून येतं, आणि तो तपशील ज्यानं प्रत्यक्ष काम केलं त्यालाच माहीत असतो. त्यामुळे विश्वास बसतो.

म्हणून निवड दुसऱ्याची. पण तोही अजून पक्का नाही. मुलाखत घेणारा त्यावर निदान तीन शंका काढेल.

पहिली शंका काळाची. मसाल्यांची विक्री सणासुदीला तशीही वाढते. ऑर्डर जूनच्या तुलनेत ऑक्टोबरमध्ये वाढल्या असतील तर श्रेय दिवाळीचं की जाहिरातीतल्या बदलाचं? तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी करावी आणि त्या काळात किंमत किंवा सवलत बदलली नव्हती, हेही परिच्छेदात म्हणावं. बदलली असेल तर ते लपवू नये.

दुसरी शंका मोजणीची. 625 हा आकडा आला कुठून? फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरात अहवालात नेहमीच्या सेटिंगप्रमाणे जाहिरातीवर क्लिक केल्यावर सात दिवसांत झालेली खरेदी मोजली जाते आणि नुसती जाहिरात दिसल्यावर एका दिवसात झालेली खरेदीही. जो ग्राहक एरवीही घेणारच होता, त्याची ऑर्डरही अशी जाहिरातीच्या खात्यात जमा होऊ शकते. म्हणून कंपनीच्या वहीतल्या एकूण ऑर्डरही पाहाव्यात. अहवालात 225 ऑर्डर वाढल्या आणि एकूण विक्री जागेवरच राहिली, तर वाढ कागदावरचीच समजावी.

तिसरी शंका सर्वांत महत्त्वाची आहे, कारण तिच्यातूनच परिच्छेदाचं खरं बळ सापडतं: या ऑर्डरींतून पैसे सुटले का? आधी 2 लाखांत 400 ऑर्डर, म्हणजे एका ऑर्डरमागे जाहिरातीचे 500 रुपये. नंतर 625 ऑर्डर, म्हणजे 320 रुपये. आता सरासरी ऑर्डर 900 रुपयांची धरू आणि माल, पॅकिंग, डिलिव्हरी वजा जाता त्यातले 360 रुपये कंपनीच्या हाती उरतात असं समजू. तर आधी जाहिरातीतून आलेल्या प्रत्येक ऑर्डरवर कंपनी 140 रुपये गमावत होती आणि आता 40 रुपये कमावते. महिन्याचा 56,000 रुपयांचा तोटा जाऊन 25,000 रुपये उरू लागले. कामाचा परिणाम खरा इथे आहे आणि लिहिणारीनं नेमका तोच सांगायचा ठेवला आहे.

सुधारलेला परिच्छेद असा होईल: “जाहिरातींवर महिन्याला 2 लाख रुपये जात होते आणि प्रत्येक ऑर्डर तोट्यात पडत होती. अनेक ग्राहक पिनकोड टाकल्यावर परत जातात, हे मी शोधलं आणि डिलिव्हरी असलेल्या भागांपुरत्याच जाहिराती ठेवल्या. किंमत व खर्च न बदलता, मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीच्या तुलनेत, एका ऑर्डरमागचा जाहिरातखर्च 500 रुपयांवरून 320वर आला आणि पहिल्याच ऑर्डरला जाहिरातीचा खर्च भरून निघू लागला.” यात नफ्याचा आकडा मुद्दाम दिलेला नाही. तो जुन्या कंपनीचा खासगी हिशेब आहे. खर्चाचे आकडेही बाहेर सांगण्याची परवानगी नसेल तर “ऑर्डरमागचा खर्च सुमारे 36 टक्क्यांनी कमी झाला” एवढं लिहावं. इथे टक्केवारी चालते, कारण ती कशाची, कोणत्या काळातली आणि कशामुळे, हे शेजारीच लिहिलेलं आहे.

नोकरी कोणती, यावर मात्र निवड बदलू शकते. जागा ब्रँडची किंवा कंटेंटची असेल तर रील आणि फॉलोअर बिनकामाचे ठरत नाहीत. तिथेही तीच साखळी लागते: रील सुरू झाल्यावर गूगलवर ब्रँडचं नाव टाकून येणारे लोक वाढले का, जुने ग्राहक पुन्हा घेऊ लागले का.

दोन मसुद्यांत निवड होत नसेल तर आपलं काम ठाऊक नसलेल्या माणसाला दोन्ही अर्धा-अर्धा मिनिट वाचायला द्यावेत, कागद काढून घ्यावा आणि विचारावं, “हिनं काय बदललं?” पहिल्यावर उत्तर येईल, “सोशल मीडिया सांभाळायची.” दुसऱ्यावर येईल, “जाहिरातींचा वाया जाणारा पैसा थांबवला.”

असा परिच्छेद ऐनवेळी लिहिता येत नाही. नोकरी सोडली की जाहिरातीचं खातं आणि विक्रीचे अहवाल बंद होतात, आणि आठवणीतून लिहिलेला आकडा मुलाखतीत टिकत नाही. म्हणून कामावर असतानाच कोणताही बदल करण्याआधी तारीख, खर्च आणि ऑर्डरची संख्या टिपून ठेवावी. आधीचा आकडा नसेल तर नंतरचा कितीही मोठा असला तरी त्यावरून परिणाम सिद्ध होत नाही.