रेषांनी काढलेल्या फोल्डर-वृक्षापासून मार्गांची यादी

क्षेत्रीय संकलनावर आधारित प्रकल्प सादर करताना अहवालाला संगणकावरील साहित्याची सूची जोडावी लागते. कोणती ध्वनिफाइल कोणत्या गावची, कोणती नोंद कोणत्या फेरीतली, हे त्या सूचीवरून वाचकाला कळले पाहिजे. अनेक विद्यार्थी यासाठी `tree` या आज्ञेने मिळणारे चित्र तसेच्या तसे चिकटवतात. ओव्यांच्या एका लहानशा संकलनाचे असे चित्र पुढे दिले आहे.

```
ओवी-संकलन
├── भोर
│   ├── ध्वनी
│   │   ├── ०१.mp3
│   │   └── ०२.mp3
│   └── नोंदी.txt
└── मुळशी
    └── नोंदी.txt
```

संगणकाच्या पडद्यावर हे चित्र सुबोध वाटते. मात्र त्यातील कोणतीही एक ओळ वेगळी काढली की तिचा अर्थ हरवतो. येथे 'नोंदी.txt' नावाच्या दोन फाइली आहेत. त्यांपैकी भोरची कोणती आणि मुळशीची कोणती, हे ती ओळ स्वतः सांगत नाही; तिचे चित्रातील स्थान सांगते. ते स्थान चुकले तर एका तालुक्यातील ओवी दुसऱ्या तालुक्याच्या नावावर जाते, आणि पाठभेदांच्या अभ्यासात ही चूक पुढे शोधून काढणे कठीण असते. शिवाय दृष्टिबाधित वाचकाचे वाचक-सॉफ्टवेअर अशा चित्रातील रेषांची नावे तरी उच्चारत बसते किंवा त्या पूर्णपणे गाळते. दोन्ही प्रकारांत रचना कानापर्यंत पोहोचत नाही. म्हणून चित्राऐवजी प्रत्येक ओळीत संपूर्ण मार्ग, म्हणजे ज्याला आपण पाथ म्हणतो तो, देणारी यादी करावी. ती कशी करावी हे या घटकात पाहू.

चार चिन्हांची एक पातळी

चित्रातील रेषा या खऱ्या रेषा नसून अक्षरांसारखीच चिन्हे आहेत. युनिकोडमध्ये त्यांच्यासाठी १२८ चिन्हांचा स्वतंत्र गट आहे. आपल्याला त्यांपैकी चारच लागतात: `│`, `├`, `└` आणि `─`. नावाच्या आधी येणारा भाग नेहमी चार-चार चिन्हांच्या तुकड्यांनी बनतो. `├── ` हा एक तुकडा (शेवटची रिकामी जागा धरून), `└── ` हा दुसरा, `│` आणि पुढे तीन रिकाम्या जागा हा तिसरा, आणि नुसत्या चार रिकाम्या जागा हा चौथा. एक तुकडा म्हणजे एक पातळी. त्यामुळे नावापूर्वीची चिन्हे मोजून त्यांना चारने भागले की त्या नावाची पातळी मिळते. 'भोर'पूर्वी ४ चिन्हे आहेत, म्हणून पातळी १, 'ध्वनी'पूर्वी ८, म्हणून पातळी २, '०१.mp3'पूर्वी १२, म्हणून पातळी ३. मूळ फोल्डरपूर्वी काहीच नाही, म्हणून त्याची पातळी ०.

येथे एक सोय आपोआप होते. देवनागरीतील जोडाक्षरे आणि काना-मात्रा संगणक कशा मोजतो हा गुंतागुंतीचा प्रश्न आहे. पण आपण नाव मोजतच नाही, केवळ त्याच्या आधीचा भाग मोजतो.

साखळी कशी चालते

पातळी कळली की पालक शोधता येतो. कोणत्याही ओळीचा पालक म्हणजे तिच्या वरची, तिच्याहून एकने कमी पातळी असलेली, सर्वांत जवळची ओळ. प्रत्येक वेळी मागे वळून शोधण्यापेक्षा एक साखळी हाताशी ठेवावी. नवी ओळ आली की तिच्या पातळीइतके दुवे साखळीत राहू द्यावेत, उरलेले तोडावेत आणि नवे नाव शेवटी जोडावे. साखळीतील नावे तिरप्या रेघेने सांधली की मार्ग तयार होतो.

वरील चित्रावर हे करून पाहू. पाचव्या ओळीनंतर साखळी अशी असते: ओवी-संकलन, भोर, ध्वनी, ०२.mp3. सहाव्या ओळीतील 'नोंदी.txt'ची पातळी २ आहे, म्हणून पहिले दोन दुवे राहतात, 'ध्वनी' आणि '०२.mp3' गळतात आणि मार्ग मिळतो `ओवी-संकलन/भोर/नोंदी.txt`. सातव्या ओळीची पातळी १, म्हणून केवळ मूळ फोल्डर उरतो आणि 'मुळशी' जोडले जाते. आठव्या ओळीत पुन्हा पातळी २ येते. पण या वेळी दुसरा दुवा 'मुळशी' असल्यामुळे तेच नाव वेगळ्या मार्गाने उतरते. प्रत्येक मार्ग पातळीगणिक दोन जागा आत सरकवला की यादी अशी दिसते:

```
ओवी-संकलन
  ओवी-संकलन/भोर
    ओवी-संकलन/भोर/ध्वनी
      ओवी-संकलन/भोर/ध्वनी/०१.mp3
      ओवी-संकलन/भोर/ध्वनी/०२.mp3
    ओवी-संकलन/भोर/नोंदी.txt
  ओवी-संकलन/मुळशी
    ओवी-संकलन/मुळशी/नोंदी.txt
```

आठ-दहा ओळी असतील तर हे काम हाताने होते. शेकडो ओळींसाठी पायथॉनमधील पुढील आज्ञावली पुरेशी आहे. चित्र `zad.txt` या फाइलीत साठवले आहे असे येथे गृहीत धरले आहे.

```python
import re
sakhali = []
for ol in open("zad.txt", encoding="utf-8"):
    ol = ol.rstrip("\n")
    chinhe = re.match(r"[│├└─\s]*", ol).group()
    nav = ol[len(chinhe):]
    if not nav:
        continue
    patali = len(chinhe) // 4
    if len(chinhe) % 4 or patali > len(sakhali):
        print("तपासा:", ol)
    sakhali = sakhali[:patali] + [nav]
    print("  " * patali + "/".join(sakhali))
```

चालवण्यापूर्वी चित्राच्या तळाची `3 directories, 4 files` ही ओळ कापून बाजूला ठेवावी. ती राहिली तर तिच्यापूर्वी एकही चिन्ह नसल्यामुळे आज्ञावली तिलाच नवा मूळ फोल्डर समजते. मात्र ती फेकून देऊ नये. आपल्या यादीत मूळ फोल्डर वगळता सात ओळी आहेत आणि ३ अधिक ४ म्हणजे सातच. इतका पडताळा त्या ओळीने फुकट मिळतो. (आज्ञेच्या काही आवृत्त्या मूळ फोल्डरही मोजतात, तेव्हा एकाचा फरक दिसेल.)

दिसत नाही अशी रिकामी जागा

आज्ञावली न वापरता लेखन-सॉफ्टवेअरमधील 'शोधा आणि बदला' या सोयीने `│` व तीन रिकाम्या जागा काढून टाकण्याचा प्रयत्न पुष्कळांकडून होतो, आणि शोधात काहीही सापडत नाही. कारण असे की, लिनक्सवरील `tree` ही आज्ञा `│`नंतर ज्या तीन जागा सोडते, त्यांतील पहिल्या दोन साध्या नसून न तुटणाऱ्या असतात. त्या दिसायला सारख्याच. पण युनिकोडमध्ये त्यांचा क्रमांक वेगळा, U+00A0. वरील आज्ञावलीतील `\s` हे चिन्ह दोन्ही प्रकारच्या जागा ओळखते, म्हणून तेथे अडचण येत नाही.

याच्याच जोडीची दुसरी अडचण अक्षरांऐवजी बाइट मोजणाऱ्या साधनांत येते. `├── ` हा तुकडा यूटीएफ-८ मध्ये १० बाइटांचा, न तुटणाऱ्या जागा असलेला `│` चा तुकडा ८ बाइटांचा आणि नुसत्या जागांचा तुकडा ४ बाइटांचा असतो. डोळ्यांना समान दिसणाऱ्या पातळ्या अशा साधनाला असमान वाटतात आणि चारने भागण्याचा नियम कोसळतो.

उलट, चित्र चिन्हांची रुंदी समान नसलेल्या टंकात वेडेवाकडे दिसले तरी घाबरण्याचे कारण नाही. रेषा सरळ दिसोत वा न दिसोत, चिन्हांची संख्या तीच राहते.

मुकाट्याने होणारी चूक

चित्र संदेशातून किंवा एखाद्या अर्जाच्या चौकटीतून आले असेल तर आणखी सावध राहावे. काही ठिकाणी सलग आलेल्या अनेक जागांची एकच जागा केली जाते. तसे झाले तर 'ध्वनी'पूर्वी ८ ऐवजी ६ चिन्हे उरतात, ६ ला चारने भाग जात नाही आणि आज्ञावली 'तपासा' म्हणते. अशी एक जरी सूचना आली तरी ती ओळ दुरुस्त करून भागत नाही; संपूर्ण चित्र संशयास्पद मानून मूळ ठिकाणाहून पुन्हा मागवावे.

याहून कठीण प्रकार म्हणजे ओळीच्या आरंभीच्या जागा छाटल्या जाणे. `│` ने सुरू होणाऱ्या ओळी यात वाचतात. बळी पडतो तो शेवटचा फोल्डर, कारण त्याच्या पोटातील ओळी रिकाम्या जागांनी सुरू होतात. आपल्या चित्राचा शेवट मग असा होतो:

```
└── मुळशी
└── नोंदी.txt
```

येथे ४ चिन्हे आहेत, भाग बरोबर जातो, पातळीही शक्य कोटीतील आहे. आज्ञावली निमूटपणे `ओवी-संकलन/नोंदी.txt` असा मार्ग लिहिते आणि मुळशीच्या नोंदी बेवारस होतात. तळाच्या बेरजेनेही हे उघड होत नाही, कारण ओळींची संख्या बदललेली नसते.

हे पकडून देतो तो `└` हा कोपरा. पातळी काढताना `├` आणि `└` यांत आपण भेद केला नाही. पण अर्थाने ते भिन्न आहेत. `└` म्हणजे 'या पालकाचे हे शेवटचे अपत्य'. म्हणून एकदा `└` आला की, मध्ये त्याहून वरच्या पातळीची ओळ आल्याखेरीज, त्याच पातळीवर दुसरी ओळ येऊच शकत नाही. वरील दोन ओळींत ती आली आहे, अर्थात जागा छाटल्या गेल्या आहेत. दुरुस्तीही याच नियमातून निघते. अगदी डाव्या कडेला पहिला `└` जेथे आला, त्याच्या खालच्या प्रत्येक ओळीपूर्वी चार जागा द्याव्यात. त्यानंतर डाव्या कडेला पुन्हा `└` दिसला तर त्याच्या खालच्या ओळींना आणखी चार.

विंडोजवरील `tree /F` मध्ये हा पडताळा अर्धाच चालतो. तेथे तुकडा `├───` असा, तोही चार चिन्हांचाच असतो; परंतु फाइलींच्या नावांपूर्वी कोपरा नसतो, केवळ `│` व जागा किंवा नुसत्या जागा असतात. त्यामुळे पातळी नीट मिळते, मात्र कोपऱ्याची साक्ष फोल्डरांपुरतीच मिळते. आरंभीच्या ड्राइव्हविषयीच्या दोन ओळीही तेथे काढाव्या लागतात.

एक गोष्ट मात्र कोणत्याही मोजणीने कळत नाही: ज्याच्या पोटात काही नाही असे नाव रिकाम्या फोल्डरचे आहे की फाइलीचे. 'नोंदी.txt'सारखे नाव असेल तर अंदाज बांधता येतो. नुसते 'भोर' असेल आणि खाली काही नसेल तर नाही. चित्र काढणे आपल्याच हाती असेल तर लिनक्सवर `tree -F` ही आज्ञा द्यावी. ती प्रत्येक फोल्डरच्या नावापुढे तिरपी रेघ लावते. अशा चित्रावर वरील आज्ञावली चालवताना साखळीत नाव जोडण्यापूर्वी ती रेघ काढावी, अन्यथा मार्गात दोन रेघा लागोपाठ येतील. आणि यादीत फोल्डरच्या ओळीअखेर ती पुन्हा लावावी.